तोंडात पांढरे चट्टे आणि गिळताना दुखणे: मधुमेहात किंवा अँटिबायोटिकनंतर होणारा बुरशीचा संसर्ग

घसा दुखतोय आणि आरशात पाहिलं तर आत पांढरं दिसतंय, म्हटलं की बहुतेकांना टॉन्सिल आठवतात. पुष्कळदा ते बरोबरही असतं. पण रुग्णाला मधुमेह असेल, किंवा नुकताच अँटिबायोटिकचा कोर्स झाला असेल, तर त्या पांढऱ्याचं कारण वेगळं असू शकतं. ते कॅन्डिडा नावाच्या बुरशीचं असू शकतं. तसं असेल तर आणखी एक अँटिबायोटिक घेतल्यानं त्रास कमी होत नाही, वाढतो. माझ्याकडे असे रुग्ण साधारणपणे दुसरा किंवा तिसरा कोर्स संपल्यावर येतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

ही बुरशी येते कुठून?

बाहेरून येत नाही. कॅन्डिडा अनेक निरोगी माणसांच्या तोंडात आणि आतड्यात थोड्या प्रमाणात असतेच. तिथे राहणारे इतर जीवाणू, लाळ आणि शरीरातल्या पांढऱ्या पेशी तिला आटोक्यात ठेवतात. अँटिबायोटिक जीवाणूंना मारतं, बुरशीला नाही. त्यामुळे शेजारी गेले की बुरशीला मोकळी जागा मिळते. मधुमेहात साखर बराच काळ वाढलेली असली की लाळेतही साखर वाढते, तोंड कोरडं पडतं आणि पांढऱ्या पेशींचं काम मंदावतं. मधुमेह आणि अँटिबायोटिक अशा दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की बुरशीला हवं ते सगळं मिळतं.

दम्यासाठी स्टिरॉइडचा पंप घेणारे, स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असलेले आणि रात्रीही कवळी न काढणारे लोक यांनाही हा त्रास होतो.

२०२१ मध्ये कोविडनंतरच्या म्युकरमायकोसिसची भीती घरोघरी पोहोचली, त्यामुळे ‘बुरशी’ म्हटलं की आजही नातेवाइकांचा चेहरा उतरतो. तो आजार वेगळा. त्यात टाळूवर किंवा नाकात काळपट डाग, चेहऱ्याला एका बाजूनं सूज, डोळ्यामागे दुखणं, नाकातून काळा किंवा रक्ताळ स्राव अशी लक्षणं असतात. मधुमेही माणसात ती दिसली तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायला हवं. इथे आपण बोलतोय ते पांढऱ्या, बहुधा औषधानं पूर्ण बऱ्या होणाऱ्या संसर्गाबद्दल.

एक रुग्ण

५८ वर्षांच्या एक बाई गेल्या पावसाळ्यात आल्या. अकरा वर्षांचा मधुमेह, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. ताप-खोकल्यासाठी त्यांना अमोक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड पाच दिवस दिलं गेलं होतं. ताप गेला, पण आठवड्यानं घसा दुखायला लागला. मेडिकलमधून अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या आणल्या. घसा कोरडा वाटतो म्हणून दिवसभर मध चाटणं आणि चघळायच्या गोळ्या चालू होत्या. त्या गोळ्यांत साखर असते, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्याकडे आल्या तेव्हा चार दिवस फक्त पेज आणि ताक यांवर होत्या. मुलगा म्हणाला, “डॉक्टर, काहीतरी स्ट्राँग लिहून द्या.”

आधी त्यांना कवळी काढायला सांगितलं. हे महत्त्वाचं, कारण कवळीखालची टाळू कुणी बघतच नाही. तिथे लालभडक होतं. जीभ, गालाची आतली बाजू आणि घशाच्या मागच्या भिंतीवर दह्याच्या कवडीसारखे पांढरे चट्टे होते. ओल्या गॉजनं एक चट्टा हळूच पुसला, तर तो निघून आला, खाली लाल जागा दिसली आणि रक्ताचा एक थेंब आला. ताप नव्हता, मानेत गाठी नव्हत्या.

चट्टा पुसून निघणं ही तपासणी साधी असली तरी बरंच सांगून जाते. टॉन्सिलच्या संसर्गात पांढरा-पिवळा पू मुख्यतः टॉन्सिलवर असतो, सोबत ताप आणि मानेत दुखऱ्या गाठी असतात. तंबाखू किंवा मिश्री वापरणाऱ्यांच्या गालात जो पांढरा चट्टा असतो, तो पुसून निघत नाही आणि सहसा दुखतही नाही. तसा चट्टा असेल तर तो दंतवैद्याला किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा, कारण त्यातले काही पुढे कर्करोगाकडे जातात. घरी मात्र चट्टे खरवडत बसू नका. जखम होते आणि दुखणं वाढतं.

मग मी त्यांना विचारलं, गिळताना दुखतं ते नेमकं कुठे? त्यांनी हात गळ्यावर नाही, छातीच्या मधल्या हाडावर ठेवला. तोंडातली बुरशी फक्त तोंडात असेल तर जळजळ होते, चव जाते, तिखट लागत नाही. पण घास खाली उतरताना छातीमागे दुखत असेल तर बुरशी अन्ननलिकेत उतरल्याची शक्यता मोठी असते, आणि त्याचे उपचार वेगळे असतात.

मधुमेही माणूस छातीवर हात ठेवतो तेव्हा मी आधी ईसीजी काढतो. त्यांचाही काढला. तो ठीक होता, आणि दुखणंही फक्त गिळतानाच होत होतं. चालताना किंवा जिना चढताना छातीत दुखत असेल, घाम सुटत असेल, तर ते घशाच्या खात्यात टाकू नका.

आणखी एक शंका तपासावी लागते. काही गोळ्या, विशेषतः डॉक्सिसायक्लिन, अपुऱ्या पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवं झालं तर अन्ननलिकेत चिकटतात आणि तिथे जखम होते. अँटिबायोटिकनंतर गिळताना दुखायला लागलं पण तोंडात पांढरं काहीच नाही, असं असेल तर कोणती गोळी, किती पाण्याबरोबर, झोपण्याआधी किती वेळ, हे डॉक्टरांना नक्की सांगा.

बाईंची त्या वेळची साखर ३२४ होती. लघवीत कीटोन नव्हते, किडनीची तपासणी ठीक होती. एचबीएवनसी १०.४ टक्के आलं. घरच्यांचा सगळा राग त्या पहिल्या अँटिबायोटिकवर होता. पण एचबीएवनसी साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगतं. म्हणजे साखर ताप येण्याच्या बऱ्याच आधीपासून बिघडलेली होती. अँटिबायोटिक निमित्त झालं.

औषध कोणतं आणि किती दिवस?

संसर्ग फक्त तोंडात आणि सौम्य असेल तर लावायचं किंवा तोंडात धरायचं औषध पुरतं. आपल्याकडे क्लोट्रिमॅझोलचं माउथ पेंट सहज मिळतं. डॉक्टर सांगतील तितक्या वेळा, बहुधा दिवसातून तीन-चारदा, खाणं झाल्यावर चट्ट्यांवर लावायचं आणि त्यानंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. हे साधारणपणे ७ ते १४ दिवस चालतं. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून थांबवलं की चट्टे परत येतात, हा नेहमीचा अनुभव.

अन्ननलिकेत उतरलेल्या बुरशीला वरून लावून उपयोग नाही. तिथे पोटातून घ्यायचं फ्लुकोनॅझोल लागतं. बाईंना पहिल्या दिवशी ४०० मिलिग्रॅम आणि पुढे रोज २०० मिलिग्रॅम दिलं. हा कोर्स १४ ते २१ दिवसांचा असतो. त्वचेच्या किंवा योनीमार्गाच्या संसर्गासाठी मिळणारी १५० मिलिग्रॅमची एक गोळी इथे पुरत नाही. किडनी कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो. गरोदरपणात हे औषध स्वतःहून कधीही घेऊ नये.

आता मधुमेही रुग्णांसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. फ्लुकोनॅझोल यकृतातल्या ज्या विकराला अडवतं, तेच विकर ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड या साखरेच्या गोळ्या मोडून टाकण्याचं काम करतं. ते अडलं की या गोळ्या शरीरात जास्त वेळ राहतात आणि साखर अचानक खाली जाऊ शकते. त्यात रुग्ण दुखण्यामुळे जेवत नसतो. म्हणजे सकाळी ३०० असलेली साखर पुढे काही दिवसांत धोकादायक खाली येऊ शकते. म्हणून मी बाईंचं ग्लिमेपिराइड थांबवलं, मेटफॉर्मिन ठेवलं, रात्री थोडं इन्सुलिन सुरू केलं आणि घरी दिवसातून तीनदा ग्लुकोमीटरवर साखर बघायला सांगितली. तुमचे डॉक्टर गोळी बंद करण्याऐवजी डोस कमी करतील, ते रुग्णावर अवलंबून आहे. पण चिठ्ठीवर फ्लुकोनॅझोल दिसलं की “माझ्या साखरेच्या गोळीचं काय करू?” हा प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका. हातपाय थरथरणं, घाम, एकदम भूक, बरळल्यासारखं बोलणं यांतलं काही दिसलं तर साखर तपासा. ७० च्या खाली असेल आणि रुग्ण नीट गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालयात न्या.

रक्त पातळ करणारं वॉरफेरिन, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या आणि हृदयाच्या ठोक्यांची काही औषधं यांच्याशीही फ्लुकोनॅझोलचं जमत नाही. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून घेऊन या, नावं आठवत बसण्यापेक्षा ते बरं.

बरं होतंय की नाही, कसं कळेल?

गिळताना होणारं दुखणं तीन-चार दिवसांत कमी व्हायला लागतं. बाई चौथ्या दिवशी दुधात कुस्करलेली भाकरी खाऊ लागल्या. चट्टे जायला त्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. औषध नीट घेऊनही आठवड्यात फरक नसेल तर एन्डोस्कोपी करून अन्ननलिका बघावी लागते, कारण विषाणूचा संसर्ग, गोळीची जखम किंवा गाठही असाच त्रास देऊ शकते. घास दुखण्याऐवजी अडकत असेल, किंवा वजन उतरत असेल, तर आठवडाही थांबू नका. पाणी किंवा थुंकीही गिळता येत नसेल, श्वास लागत असेल, उलट्या होऊन साखर खूप वाढली असेल, तर तातडीनं रुग्णालयात दाखल व्हायला हवं.

मधुमेह नाही, अँटिबायोटिक नाही, स्टिरॉइड नाही, कवळीही नाही, तरी चट्टे आले, किंवा बरे होऊन पुन्हा पुन्हा येत असतील, तर डॉक्टर साखरेबरोबर एचआयव्हीची तपासणी सांगतील. त्यात संशय घेण्याचा भाग नसतो, प्रतिकारशक्ती कमी झाल्याचं हे एक नेहमीचं लक्षण आहे. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात ही तपासणी मोफत होते आणि नाव गुप्त ठेवलं जातं. कित्येकांचा मधुमेहही पहिल्यांदा असाच, तोंडातल्या चट्ट्यांवरून कळतो.

बाईंच्या कवळीकडे शेवटी आलो. ती रात्रंदिवस तोंडात असायची. तिच्यावरही बुरशी बसते, त्यामुळे तोंड बरं झालं तरी कवळीतून संसर्ग परत येतो. रोज रात्री ती काढून ब्रशनं घासायची आणि दंतवैद्यानं सांगितलेल्या द्रावणात ठेवायची, सकाळी धुऊन मगच घालायची. पंप घेणाऱ्यांनी प्रत्येक वेळी स्पेसर वापरावा आणि नंतर खळखळून चूळ भरून ते पाणी थुंकून टाकावं. बाईंना दात घासायचा ब्रशही बदलायला सांगितला आणि मधाची बाटली नातवंडांना देऊन टाकायला सांगितली. त्यांना दोन्हींपैकी मध सोडणं जास्त जड गेलं.