ना-नफा-ना-तोटा आलेख
धंद्याचा खर्च आणि विक्री कुठे जुळतात, हे दाखवणारा आलेख. आडव्या अक्षावर नग, उभ्यावर रुपये. सोलापूरजवळच्या होटगीत कडक भाकरीचा छोटा धंदा आहे, असे समजू. भाडे-पगाराचा महिन्याचा स्थिर खर्च 18,000 रुपये. ही रेषा सपाट. प्रत्येक भाकरीला पीठ, सरपण, पुडा मिळून 6 रुपये लागतात. म्हणून एकूण खर्चाची रेषा 18,000 पासून चढते. ती शून्यातून काढणे ही नवख्यांची नेहमीची चूक. विक्रीची रेषा मात्र शून्यातूनच निघते. 10 रुपये भावाने भाकरीमागे 4 रुपये सुटतात, तेव्हा 4,500 भाकऱ्यांवर या दोन रेषा छेदतात. 6,000 रुपये पगारावर आणखी एक बाई ठेवली, की स्थिर खर्चाची रेषा पायरीसारखी वर जाते आणि बिंदू 6,000 भाकऱ्यांवर सरकतो. थापलेली प्रत्येक भाकरी विकली गेली, असे हा आलेख धरून चालतो. मोडलेल्या भाकऱ्यांचा तोटा त्यात दिसत नाही.