नोंदवहीतले निष्कर्ष आणि मर्यादा : प्रस्तावना

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला अहवाल लिहायला शिकवतात. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षणे, आकडेमोड आणि शेवटी चर्चा, हा क्रम दुसऱ्या वर्षापर्यंत हाताच्या वळणात उतरतो. नोंदवही मात्र बहुतेकांना कुणी शिकवत नाही. चर्चा पान-दीड पान लिहून झाली की तिच्यातून दहा-बारा ओळींची नोंद कशी काढायची, काय ठेवायचे, काय सोडायचे आणि सोडलेल्यातले काय 'मर्यादा' म्हणून परत आत घ्यायचे, हे ज्याचे त्याने चाचपडत शिकायचे असते. त्या एवढ्याशा कामासाठी ही पुस्तिका आहे. 

अहवालातली चर्चा परीक्षकासाठी लिहिलेली असते. प्रयोगामागचे तत्त्व कळले आहे, पुस्तके वाचली आहेत, उत्तर अपेक्षेच्या जवळ का आले किंवा का आले नाही याचा विचार केला आहे, हे तिच्यात दिसावे लागते. नोंदवहीचा वाचक वेगळा असतो. सहा महिन्यांनी तोच प्रयोग पुढे न्यायला उभा राहिलेला माणूस, आणि बहुधा ते आपणच. त्याला तत्त्व ठाऊक असते. या आकड्यावर किती भार टाकता येईल आणि तो कुठे दगा देईल, एवढेच त्याला हवे असते.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. पदवीच्या प्रयोगशाळेत सगळ्यांनी केलेला प्रयोग आहे: ईडीटीए टायट्रेशनने पाण्याचा कठीणपणा काढणे. पाणी एका विहिरीचे, घरात ज्याला जड पाणी म्हणतात तसे. कोनिकल फ्लास्कमध्ये 50 मिलिलिटर नमुना, त्यात pH 10 च्या आसपास ठेवणारा अमोनियाचा बफर, चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी, आणि ब्यूरेटमध्ये ईडीटीए. दारूसारखा लाल रंग जांभळ्यावरून जात निव्वळ निळा झाला की थांबायचे. पहिले रीडिंग 16.6 आले, पण ते घाईत पुढे गेलेले होते. नंतरची तीन रीडिंग 16.2, 16.1 आणि 16.2. डिस्टिल्ड वॉटरच्या ब्लँकला 0.1 मिलिलिटर लागले. झिंक सल्फेटच्या प्रमाण द्रावणाने तपासल्यावर ईडीटीएची तीव्रता 0.0098 मोलर निघाली.

आकडेमोड सोपी आहे. ब्लँक वजा करून सरासरी 16.07 मिलिलिटर. ईडीटीए नेमका 0.01 मोलर असता तर त्याचा एक मिलिलिटर एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका असता. इथे तो 0.98 मिलिग्रॅमइतका आहे. म्हणजे 50 मिलिलिटर पाण्यात 15.75 मिलिग्रॅम, आणि लिटरला 315 मिलिग्रॅम.

आता या आकड्यावरची चर्चा. विद्यार्थ्यांच्या जर्नलमध्ये ती साधारण अशी सापडते: पाणी कठीण आहे, ते उकळल्यावर मऊ होईल, अशा पाण्याने साबणाला फेस येत नाही आणि मूतखडा होण्याची शक्यता असते. तीन रीडिंग जुळली असल्याने निष्कर्ष अचूक आहे. वर्गातल्या दुसऱ्या गटाने तपासलेले बोअरचे पाणी 323 आले, म्हणजे ते विहिरीपेक्षा अधिक कठीण आहे. लोह किंवा तांबे असल्यास निर्देशक बिघडू शकतो. नमुना चार दिवस बाटलीत राहिला होता आणि बाटलीच्या आतल्या बाजूला पांढरट थर दिसला. मानवी चुकीमुळे थोडा फरक संभवतो.

यातले नोंदवहीत काय जावे? माझ्या मते प्रत्येक वाक्यासमोर पेन्सिल ठेवून एकच प्रश्न विचारावा: हे या टेबलावर घडले, की बाहेरून आले? साबण आणि मूतखडा बाहेरून आले. ते खरे-खोटे कसेही असोत, या प्रयोगाने त्यांबद्दल काहीच सांगितलेले नाही. उकळल्यावर मऊ होईल हेही तसेच. पाणी उकळून, गाळून पुन्हा टायट्रेशन केले असते तर तात्पुरता आणि कायमचा कठीणपणा वेगळा कळला असता. ते केलेले नाही. कॅल्शियम किती आणि मॅग्नेशियम किती हेही या टायट्रेशनने कळत नाही, कारण pH 10 ला दोन्ही एकत्रच मोजली जातात. हे मर्यादेत एका ओळीत जाते, कारण पुढच्या वेळी कुणीतरी या 315 ला कॅल्शियमचा आकडा समजण्याची शक्यता खरोखर असते.

'तीन रीडिंग जुळली म्हणून अचूक' या वाक्यापाशी थोडे थांबायला हवे, कारण चर्चेतून नोंद काढताना सर्वाधिक गफलत इथे होते. रीडिंग जुळली याचा अर्थ हात स्थिर होता आणि रंगाचा बदल दर वेळी एकाच ठिकाणी ओळखला. 0.1 मिलिलिटरचा फरक म्हणजे सुमारे 2 मिलिग्रॅम. पण ईडीटीएची तीव्रता तपासलीच नसती आणि बाटलीवरच्या चिठ्ठीप्रमाणे 0.01 धरली असती, तर तीच तीन जुळणारी रीडिंग 321 दाखवत राहिली असती. सहा मिलिग्रॅमची चूक, आणि रीडिंगच्या जुळण्यात तिचा मागमूस नाही. असल्या चुका सगळ्या रीडिंगना एकाच दिशेने ढकलतात, त्यामुळे प्रयोग कितीही वेळा केला तरी त्या दिसत नाहीत. म्हणून नोंदवहीत 'अचूक' हा शब्द नको. 'तीन रीडिंग 0.1 मिलिलिटरच्या आत, ईडीटीए झिंकविरुद्ध एकदा तपासलेला' असे लिहावे. त्यातले 'एकदा' महत्त्वाचे.

बोअरच्या पाण्याशी केलेली तुलना अधिक रंजक आहे. दोन्ही गटांनी ईडीटीएची एकच बाटली वापरली होती. म्हणजे तीव्रतेत काही चूक असलीच, तर ती दोन्ही आकड्यांना सारख्याच प्रमाणात हलवते. तुलनेपुरती तिची चिंता नको. एका थेंबाची, म्हणजे साधारण 0.05 मिलिलिटरची अनिश्चितता एक मिलिग्रॅमची, त्यामुळे आठ मिलिग्रॅमचा फरक नुसत्या थेंबांनी भरून निघणार नाही. इथवर वाक्य तगते. पण बोअरचा नमुना त्याच दिवशी तपासला होता आणि विहिरीचा चार दिवसांनी. बाटलीतला पांढरा थर इथे बोलू लागतो. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड हळूहळू निघून गेला की बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेले कॅल्शियम कार्बोनेट होऊन काचेवर बसते. जे काचेवर बसले ते फ्लास्कमध्ये आले नाही. त्यामुळे विहिरीचा आकडा खऱ्यापेक्षा कमी आलेला असणार, आणि आठ मिलिग्रॅमचा फरक केवळ त्या थराचाही असू शकतो. तुलनेचे वाक्य निष्कर्षातून काढावे आणि त्याचे कारण मर्यादेत लिहावे.

चर्चेत शेवटून दुसरे, जाता जाता लिहिलेले हे थराचे वाक्यच साऱ्या अहवालातले सर्वांत मोलाचे निरीक्षण आहे. नोंदीत ते सर्वांत वर यायला हवे. शिवाय थर कार्बोनेटचाच आहे का, हे पाहता येते: रिकाम्या बाटलीत विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकले आणि बुडबुडे आले, तर शंका बरीच फिटते. पाहिले नसेल तर 'पाहिलेले नाही' असे लिहावे.

लोह आणि तांब्याचे काय? हे धातू निर्देशकाला धरून ठेवतात आणि मग रंग निळा होतच नाही, लाल-जांभळा रेंगाळत राहतो. पुस्तकात ही मर्यादा दिलेली असते, म्हणून ती प्रत्येक जर्नलमध्ये उतरते. पण या प्रयोगात रंग एका थेंबात स्वच्छ बदलला. तेव्हा ही या प्रयोगाची मर्यादा नव्हे. पुस्तकातल्या सगळ्या संभाव्य अडचणी उतरवून घेतल्या की खरी अडचण त्यांच्या गर्दीत हरवते.

मर्यादा आणि चूक यांतही फरक ठेवायला हवा. पहिले 16.6 हे रीडिंग चूक होते. ते खोडायचे नाही. एक रेघ मारून शेजारी 'वेगाने सोडल्याने पुढे गेले, सरासरीत धरले नाही' असे लिहायचे. सगळे नीट केल्यावरही जे उरते, ती मर्यादा. 'मानवी चूक' हा शब्दप्रयोग दोन्हींची सरमिसळ करतो आणि वाचणाऱ्याच्या हाती काहीच देत नाही.

या सगळ्यातून उरलेली नोंद अशी:

निष्कर्ष: विहिरीच्या या नमुन्याचा एकूण कठीणपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात लिटरला सुमारे 315 मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातील 200 च्या स्वीकार्य मर्यादेपेक्षा जास्त, दुसरा स्रोत नसल्यास चालणाऱ्या 600 पेक्षा कमी.

मर्यादा: नमुना चार दिवस ठेवलेला, बाटलीत पांढरा थर, खरा आकडा यापेक्षा जास्त असण्याची शक्यता, किती ते मोजलेले नाही. ईडीटीए एकदाच तपासलेला. त्या रीडिंगमधली 0.1 मिलिलिटरची अनिश्चितता दोन्ही बाजूंना सुमारे 2 मिलिग्रॅम. रंगबदलाची एक ते दोन मिलिग्रॅम. कॅल्शियम-मॅग्नेशियम वेगळे केलेले नाही. एक विहीर, एक बाटली, एक दिवस. बोअरशी तुलना करू नये.

पुढच्या वेळी: नमुना त्याच दिवशी तपासणे, ते जमणार नसेल तर नमुन्याचा एक भाग नायट्रिक आम्लाने pH 2 च्या खाली आणून ठेवणे.

निष्कर्षातले दुसरे वाक्य का टिकले, हे पाहण्यासारखे आहे. मोजता आलेल्या सगळ्या मर्यादा एकत्र धरल्या तरी आकडा 200 च्या खाली जात नाही, आणि थराची मर्यादा तर त्याला वरच नेते. 600 च्या बाजूने बोलायचे, तर जवळपास तितकेच कॅल्शियम काचेवर बसायला हवे होते, आणि तो पातळ थर तसा दिसत नव्हता. म्हणजे तोच 315 मानकाशी ताडायला पुरेसा आहे आणि शेजारच्या बोअरशी ताडायला अपुरा. निष्कर्ष आणि मर्यादा एकाच पानावर हव्यात, त्या यासाठी.

पुढच्या प्रकरणांत याच पद्धतीने लंबकाने काढलेले गुरुत्वत्वरण, जेल इलेक्ट्रोफोरेसिसचे पट्टे आणि जिवाणूंच्या वसाहतींची मोजणी असे प्रयोग घेतले आहेत. ती वाचण्याआधी वाचकांनी स्वतःचे एक जुने जर्नल काढून शेजारी ठेवावे, ही विनंती. त्यातल्या चर्चेत 'मानवी चूक' सापडली, तर समासात पेन्सिलीने लिहावे: कोणती, किती, आणि आकडा कोणत्या बाजूला नेणारी.