हिशेबात दोन पैशांचा फरक का पडतो?

एखाद्या दुकानाची वेबसाइट आहे. ग्राहक तिथे ऑर्डर देतो, पैसे भरतो, आणि त्या ऑर्डरची माहिती आपोआप अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये जाते. महिनाअखेरीस अकाउंटंट पाहतो तर काही बिलांपुढे २ पैसे येणे बाकी दिसतात. ग्राहकाने पूर्ण पैसे भरलेले आहेत, वेबसाइटवर ‘पेड’ असा शिक्का आहे, बँकेतही रक्कम आलेली आहे. तरीही अकाउंटिंगमध्ये बिल उघडेच राहते, आणि कधीकधी ग्राहकाला थकबाकीचा मेसेजही जातो. पैसे कुणीही खाल्लेले नसतात. दोन्ही सॉफ्टवेअर आपापल्या जागी बरोबर असतात, फक्त अपूर्णांक कुठे तोडायचा यावर त्यांचे एकमत नसते.

एक उदाहरण घेऊ. वस्तूची किंमत १८ टक्के जीएसटीसह ९९ रुपये आहे. कर वजा करून मूळ किंमत काढायची तर ९९ ला १.१८ ने भागायचे. उत्तर येते ८३.८९८३०५… आणि ते पुढे चालूच राहते. अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये दराच्या रकान्यात दोनच दशांश स्थळे असतील, तर तिथे ८३.९० जाते. एका नगासाठी काहीच बिघडत नाही. ८३.९० वर १८ टक्के म्हणजे १५.१० रुपये कर आणि एकूण बरोबर ९९.

आता ग्राहकाने १२ नग घेतले. वेबसाइट ९९ गुणिले १२ करून १,१८८ रुपये घेते. अकाउंटिंगला मात्र ९९ हा आकडा माहीतच नाही, त्याच्याकडे ८३.९० आहे. ते १२ ने गुणून १,००६.८० काढते, त्यावर १८१.२२ कर लावते आणि बिल करते १,१८८.०२ चे. हेच ते दोन पैसे. गोलाई केलेल्या दरात प्रत्येक नगामागे ०.२ पैसा जास्त लपलेला होता, तो गुणाकारात वर आला. १०० नग असते तर बिल ९,९००.२० झाले असते, म्हणजे २० पैसे जास्त.

दराचा रकाना चार दशांश स्थळांचा केला तर ८३.८९८३ वर १२ नगांचे बिल १,१८८.०० च येते, आणि १०० नगांचेही ९,९००.०० येते. पण नग हजारोंनी असतील तर चार स्थळेही पुरत नाहीत. म्हणून वेबसाइटने दर पाठवून पुन्हा हिशेब करायला लावण्यापेक्षा तयार रकमाच पाठवणे जास्त भरवशाचे ठरते. त्या ओळीची एकूण रक्कम १,१८८, करपात्र रक्कम १,००६.७८ आणि कर १८१.२२, असे. जो आकडा ग्राहकाने भरला तो धरून ठेवायचा आणि बाकीचे त्यातून काढायचे.

दुसरा प्रकार ओळींचा आहे. समजा बिलात ५ टक्के कर असलेले चार वेगवेगळे मसाले आहेत, प्रत्येकी ४९.५० रुपयांचे, कर वेगळा. एका ओळीचा कर २.४७५ रुपये, म्हणजे गोलाई करून २.४८. चार ओळींचा कर झाला ९.९२. दुसरे सॉफ्टवेअर आधी चारही ओळींची बेरीज करते, १९८ रुपये, आणि मग एकदाच ५ टक्के काढते. उत्तर ९.९०. पुन्हा दोनच पैशांचा फरक, पण कारण पूर्ण वेगळे. इथे दशांश स्थळे कितीही वाढवली तरी उपयोग नाही. गोलाई ओळीनुसार करायची की बेरजेवर, हे दोन्ही बाजूंना एकच ठरवावे लागते. बहुतेक अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या कराच्या सेटिंगमध्ये हा पर्याय असतो, फक्त तिथे कुणी फिरकत नाही.

तिसरा प्रकार सर्वात चकवणारा आहे. रकमेचा तिसरा दशांश बरोबर ५ असेल, म्हणजे अर्धा पैसा असेल, तर वर जायचे की खाली? शाळेत शिकवतात वर जा. काही सॉफ्टवेअर मात्र ‘जवळच्या सम अंकाकडे’ जातात, म्हणजे २.६६५ चे २.६६ करतात आणि २.६७५ चे २.६८. हेतू चांगला असतो: नेहमी वरच गेल्याने हळूहळू बेरीज फुगू नये. त्यात भर म्हणजे संगणक साधारणपणे अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो आणि २.६७५ तिथे नेमका बसत नाही. तो साठतो २.६७४९९९९… असा. पायथॉन या भाषेत ५३.५० रुपयांवर ५ टक्के कर दोन रीतींनी काढून पाहा:

```
round(53.50 * 5 / 100, 2)   # 2.67
round(53.50 * 0.05, 2)      # 2.68
```

गणित तेच, भाषा तीच, उत्तरे दोन. म्हणून पैशांचा हिशेब असा अपूर्णांकात न ठेवता पूर्ण पैशांत ठेवतात (५३.५० ऐवजी ५३५०), किंवा त्यासाठीच केलेला `Decimal` प्रकार वापरतात. `Decimal` वापरला तरी अर्ध्या पैशाचे काय करायचे ते स्पष्ट सांगावे लागते, कारण पायथॉनमध्ये त्याचा मूळ नियम सम अंकाकडे जाण्याचाच आहे.

मग समोरच्या फरकाचे कारण कोणते, हे कसे ओळखायचे? चुकलेली दहा-बारा बिले काढून नीट पाहिली की बहुधा कळते. नग वाढतील तसा फरक वाढत असेल तर दर तोकडा साठवला आहे. नग कमी पण ओळी जास्त असलेल्या बिलांत फरक असेल तर गोलाईची जागा वेगळी आहे. आणि फरक नेहमी ओळीमागे एकाच पैशाचा असेल व तोही जिथे करात नेमका अर्धा पैसा येतो तिथेच, तर अर्ध्याचा नियम वेगळा आहे. फरक कधी वर, कधी खाली आहे की नेहमी एकाच दिशेला, हेही पाहावे. एकाच दिशेचा फरक साचत जातो. कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराने १९८२ मध्ये १००० अंकांवर नवा निर्देशांक सुरू केला. प्रत्येक व्यवहारानंतर तिसऱ्या दशांशापुढचे आकडे गोलाई न करता सरळ कापले जात होते. १९८३ च्या नोव्हेंबरपर्यंत निर्देशांक ५२० च्या आसपास घसरला होता, आणि नीट मोजल्यावर तो १०९८ च्या वर निघाला.

आपल्याकडे अनेकांना वाटते, बिल शेवटी रुपयात गोल करतोच, मग पैशांची काळजी कशाला? जीएसटी कायद्याच्या कलम १७० नुसार कराची रक्कम जवळच्या रुपयात करतात, ५० पैसे किंवा जास्त असतील तर वर. पण एका बाजूला १,१८८.४९ आणि दुसऱ्या बाजूला १,१८८.५१ आले, तर दोन पैशांचा फरक मिटण्याऐवजी पूर्ण एक रुपयाचा होतो.

सेटिंग जुळवूनही एखाद-दुसरा पैसा उरतोच. तो अकाउंटंट ‘राउंड ऑफ’ या खात्यात टाकतात, आणि ते रास्त आहे. मर्यादा मात्र ओळींच्या संख्येवरून ठरवावी. ओळीमागे एका पैशाहून जास्त फरक असेल तर तो गोलाईचा मानू नये. सरसकट पाच-दहा रुपयांची सूट ठेवली, तर चुकीचा कराचा दर किंवा सुटलेला डिलिव्हरी चार्जही त्याच खात्यात गुपचूप जाऊन बसतो. महिन्याला त्या खात्याची बाकी एकदा पाहिली की कळते: ती शून्याच्या आसपास वरखाली होत असेल तर ठीक, सारखी एकाच बाजूला वाढत असेल तर कुठेतरी ८३.९० सारखा दर अजून बसलेला आहे.