81 च्या जागी 49

बेलफास्ट, 1860 चं दशक. क्वीन्स कॉलेजच्या प्रयोगशाळेत तुम्ही टॉमस अँड्र्यूज यांच्या शेजारी उभे आहात. समोर जाड काचेची, बारीक छिद्राची नळी. तिच्या टोकात कोरडा कार्बन डायऑक्साइड कोंडलाय, खाली पारा. शेजारच्या नळीत हवा आहे. ती किती आकसली यावरून दाब कळतो. भोवतीचं पाणी 13.1 अंशांवर राखलंय.

अँड्र्यूज पोलादी स्क्रू फिरवतात. पारा चढतो. दाब 49 वातावरणांशी येतो आणि नळीत द्रव दिसू लागतो. पण त्याआधीच वायू बिनसलाय: आदर्श नियमाने जेवढी जागा त्याने व्यापायला हवी, तिच्या जेमतेम तीन पंचमांश जागेत तो मावलाय.

का? उत्तरासाठी 1873 मध्ये, नेदरलँड्समधल्या लायडनला चला. योहानेस व्हान डर वाल्स यांचा प्रबंध नुकताच आलाय. आदर्श वायूचे रेणू म्हणजे आकारमान नसलेले बिंदू. ते एकमेकांना ओढत नाहीत. व्हान डर वाल्स दोन्ही गृहीतं सोडतात.

कागद घ्या. आजचे स्थिरांक वापरून बेलफास्टचाच हिशेब मांडू. नळीत 44 ग्रॅम वायू असता, तर द्रव दिसण्याच्या क्षणी त्याने सुमारे 290 मिलिलिटर जागा व्यापली असती. एवढ्या जागेत आदर्श नियम दाब सांगतो 81 वातावरणं.

आता रेणूंना आकार द्या. त्यांच्यामुळे सुमारे 43 मिलिलिटर जागा अडते. हिंडायला उरतात 247. भिंतीवरच्या टकरा वाढतात, दाब 95 होतो. म्हणजे आपण उलट्याच दिशेने गेलो!

मग आकर्षण धरा. गर्दीच्या मधल्या रेणूला चहूबाजूंनी सारखी ओढ असते. भिंतीशी पोचलेल्याला मात्र शेजारी एकाच बाजूला. ते त्याला मागे खेचतात आणि धडक मंदावते. घनता दुप्पट झाली की खेचणारेही दुप्पट, खेचले जाणारेही दुप्पट, म्हणून ही घट चौपट होते. इथे ती 43 वातावरणं भरते. उरले 52.

परत बेलफास्टला या. आता पाणी 48 अंशांवर आहे. रेणू वेगवान झालेत. ओढ तीच असली तरी त्यांच्या गतीपुढे ती तोकडी पडते. दाब शंभरापलीकडे नेला तरी द्रव दिसत नाही. अँड्र्यूज यांनी सीमा शोधली ती 30.92 अंशांची. तिच्यावर कितीही दाबा, द्रवाचा वेगळा पृष्ठभाग बनत नाही. दाब फारच वाढवला, तर रेणूंनी अडवलेली जागा वरचढ होते आणि वायू आदर्शापेक्षा जास्त जागा मागू लागतो.

कागदावर 52, नळीत 49. दोन स्थिरांकांत रेणूंची सगळी वागणूक मावत नाही. पण 81 चे 49 का झाले, हे आता तुम्हाला दिसतंय.