कोळशावरची निळी ज्योत

लाकडी कोळशाची शेगडी नीट पेटली, सुरुवातीचा धूर बसला आणि तळचे निखारे लालभडक झाले, की वरच्या कोळशांच्या फटींतून लहान लहान निळ्या ज्योती नाचू लागतात. ज्यांच्या घरी शेगडी होती त्यांनी त्या पाहिलेल्या असतील. कणसे भाजणाऱ्याच्या शेगडीवर दिवेलागणीला त्या आजही दिसतात. तिथे जळते आहे ते काय? ज्योत ही नेहमी वायूची असते. लाकडातले जळाऊ वायू तर बहुतेक सारे कोळसा पाडतानाच निघून गेलेले असतात. म्हणजे कोळशापासून आता, इथे, शेगडीतच एखादा वायू तयार होत असला पाहिजे.

हा वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, हे उत्तर आज शाळेत एका ओळीत मिळते. सोबत कारणही मिळते: ऑक्सिजन अपुरा पडला की ज्वलन अपूर्ण राहते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हे चूक नाही, पण अर्धेच आहे. उरलेले अर्धे कळायचे तर हा वायू सापडला कसा, ते पाहायला हवे.

१७७६ साली फ्रान्समध्ये लासोन यांनी जस्ताची राख, म्हणजे आपले झिंक ऑक्साइड, कोळशाबरोबर तापवली. निघालेला वायू निळ्या ज्योतीने जळला. जळणारी हवा म्हणजे ‘ज्वालाग्राही हवा’, म्हणजेच आजचा हायड्रोजन, अशी त्या काळची समजूत होती. त्यामुळे हाही तोच, असे धरले गेले. पुढे लव्हाझिए यांनी ज्वलन म्हणजे ऑक्सिजनशी संयोग, हा विचार मांडला आणि पाणी हे हायड्रोजन व ऑक्सिजनचे बनलेले आहे हे दाखवले. जुना फ्लॉजिस्टनचा सिद्धान्त मागे पडू लागला. ज्यांनी स्वतः ऑक्सिजन वेगळा केला होता ते जोसेफ प्रिस्टले मात्र शेवटपर्यंत फ्लॉजिस्टनवादीच राहिले. १७९४ साली ते इंग्लंड सोडून अमेरिकेत गेले, आणि पेन्सिल्व्हेनियातल्या एका लहान गावातून नव्या रसायनशास्त्रावर हल्ले करीत राहिले.

त्यांचा एक हल्ला फार नेमका होता. लोहाराच्या भट्टीत तापलेल्या लोखंडावरून जे काळे पापुद्रे सुटतात, ते प्रिस्टले यांनी कोळशाबरोबर तापवले. पापुद्रे कोरडे केलेले होते आणि कोळसाही आधी कडक तापवून घेतलेला होता. तरीही ज्वालाग्राही हवा भरपूर निघाली. आता लव्हाझिए यांच्या म्हणण्याप्रमाणे पापुद्र्यांत लोखंड आणि ऑक्सिजन आहेत, कोळशात कार्बन आहे. निघायला हवा तो कार्बन डायऑक्साइड, आणि तो जळत नाही. हायड्रोजन पाण्यापासून येतो म्हणावे, तर इथे पाणीच नाही. मग ही जळणारी हवा आली कोठून? फ्लॉजिस्टनवाद्यांना उत्तर सोपे होते: कोळसा फ्लॉजिस्टनने भरलेला, तोच हवेच्या रूपाने बाहेर पडला. नव्या मताच्या लोकांनी कोळशात थोडे पाणी किंवा हायड्रोजन उरत असावा, अशी सारवासारव केली. आम्हांला वाटते, या वादात आक्षेप घेणाऱ्याचा प्रयोग बरोबर होता आणि उत्तर देणाऱ्यांची बाजू त्या वेळी तरी लंगडी होती.

१८०१ साली वुलिच येथील सैनिकी रसायनज्ञ विल्यम क्रुकशँक यांनी हे कोडे सोडवले. त्यांनी हायड्रोजनला शिरायला जागाच ठेवली नाही. कोळसा बाजूला ठेवून त्यांनी कोरडा खडू आणि कोरडा लोहकीस एकत्र तापवला. खडूतून कार्बन डायऑक्साइड निघतो. तापलेले लोखंड त्याचा थोडा ऑक्सिजन ओढून घेते. उरलेला वायू निळ्या ज्योतीने जळला. तो हायड्रोजनसारखा हलकाही नव्हता. त्याचे वजन हवेच्या जवळपास होते. आजच्या हिशेबाने तो हायड्रोजनच्या चौदापट जड आहे. ऑक्सिजनबरोबर त्याचा स्फोट केला तर कार्बन डायऑक्साइड मिळाला. हायड्रोजन जळाला असता तर पाणी मिळायला हवे होते, ते इथे नाव घेण्याजोगे मिळाले नाही. निष्कर्ष उघड होता: हाही कार्बनचाच ऑक्साइड, पण कमी ऑक्सिजनचा. लवकरच फ्रान्समध्ये क्लेमां आणि देझोर्म यांनी तापून लाल झालेल्या कोळशावरून कार्बन डायऑक्साइड सोडून हाच वायू मिळवला. प्रिस्टले यांना हे पटले नाही. १८०४ साली ते वारले.

क्लेमां आणि देझोर्म यांचा प्रयोग म्हणजे आपल्या शेगडीचाच वरचा अर्धा भाग होय. शेगडी आडवी कापून आत पाहता आले, असे समजू. जाळीखालून ताजी हवा येते. तळच्या निखाऱ्यांशी ऑक्सिजन भरपूर असतो, तिथे मुख्यतः कार्बन डायऑक्साइड होतो आणि खूप उष्णता सुटते:

C + O₂ → CO₂

काही कार्बन मोनॉक्साइड निखाऱ्याच्या पृष्ठभागावर थेटही तयार होतो. चार-पाच बोटे वर गेल्यावर हवेतला ऑक्सिजन बहुतेक संपलेला असतो. पण कोळशाचा थर संपलेला नसतो, आणि तो लाल आहे. या लाल कोळशातून वर चढताना कार्बन डायऑक्साइडच आणखी कार्बन उचलतो:

CO₂ + C → 2CO

ही अभिक्रिया उष्णता शोषते, म्हणून तिला तापमान लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी बुदुआर यांनी तिचा समतोल अभ्यासला. सुमारे ४०० अंश सेल्सिअसला ती जवळजवळ होतच नाही. ७०० च्या आसपास, पुरेसा वेळ दिला तर, वायूचा निम्म्याहून अधिक भाग मोनॉक्साइड होतो आणि ९०० च्या वर जवळजवळ सगळाच. म्हणून पंख्याने जाळीखाली कितीही वारा घातला तरी जाड थराच्या शेगडीत हा वायू तयार होतोच. उलट वाऱ्याने कोळसा अधिक तापतो आणि अभिक्रियेला जोर येतो. नुसते ‘ऑक्सिजन कमी पडला’ म्हणणे अपुरे आहे ते यामुळे. ऑक्सिजन शेगडीत आलेला असतो. पूर्ण जळून झालेला कार्बनच कोळसा पुन्हा अर्धवट करतो.

मग हा वायू वर येतो, तिथे त्याला बाजूची हवा मिळते आणि तो निळा जळतो. या ज्योतीत किती उष्णता आहे पाहा. १२ ग्रॅम कार्बन पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड झाला तर सुमारे ३९४ किलोज्यूल उष्णता मिळते. तोच मोनॉक्साइडवर थांबला तर फक्त १११. उरलेली २८३ त्या वायूच्या पोटात असते. ज्योत विझली तर ती हवेत जाते, आणि वायूही हवेत जातो.

ज्योत का विझते, याचा एक धागा १८८० साली ऑक्सफर्डच्या डिक्सन यांना सापडला. मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यांचे मिश्रण त्यांनी अतिशय कोरडे केले. त्यात ठिणगी पाडली तरी स्फोट झाला नाही. पाण्याच्या वाफेचा अंश आत जाताच झाला. (प्रिस्टले यांचा सारा मुद्दा पाणी नसण्यावर होता, आणि त्यांच्या वायूला जळायला पाणीच हवे होते!) आज आपण याचे कारण सांगू शकतो. मोनॉक्साइडला ऑक्सिजनचा रेणू सहजी भिडत नाही. ज्वालेत पाण्यापासून किंवा इंधनातील हायड्रोजनपासून बनलेले OH हे अल्पायुषी तुकडे त्याला दुसरा ऑक्सिजन देतात. असे तुकडे तापलेल्या जागीच टिकतात. ज्वाला थंड केली की ते नाहीसे होतात आणि मोनॉक्साइड आहे तसाच बाहेर पडतो.

आता गॅसच्या शेगडीकडे वळू. सिलिंडरमधला ब्यूटेन पूर्ण जळायला एका भागाला सुमारे ३१ भाग हवा लागते. गॅस बारीक छिद्रातून जोराने सुटतो आणि नळीत शिरतानाच थोडी हवा ओढून घेतो. बाकीची ज्वालेला बाजूने मिळते. इथेही कार्बनचा अणू एका उडीत डायऑक्साइड होत नाही. आतल्या निळसर सुळक्यात इंधन फुटते आणि कार्बन मोनॉक्साइड होतो. बाहेरच्या फिकट आवरणात तो जळून डायऑक्साइड होतो. म्हणजे पूर्ण ज्वलनाच्या वाटेवरही कार्बन मोनॉक्साइड हे मधले स्थानक आहेच. फरक दोन गोष्टींचा. एक, इथे वाटेत लाल कोळसा नाही, त्यामुळे झालेले काम उलटत नाही. दोन, ब्यूटेनमध्ये हायड्रोजन असल्यामुळे OH ची वाण नसते. दुसरा टप्पा सहज पार पडतो, पण ज्वालेला जागा आणि वेळ मिळाला तर. हवेची छिद्रे तुंबली तर ज्वाला पिवळी होते आणि भांड्याला काजळी धरते, ते डोळ्यांना दिसते. मात्र मोठे, थंड पाण्याने भरलेले पातेले ज्वालेच्या आतल्या सुळक्यावरच टेकले, तर ज्वाला निळीच राहते, काजळी धरत नाही, आणि तरीही मोनॉक्साइड सुटतो. बर्नर आणि भांडे यांत अंतर राखणारी वरची जाळी मोडली म्हणून भांडे थेट बर्नरवर ठेवू नये, ते एवढ्यासाठी.

हा वायू रक्तात ऑक्सिजनची जागा घेतो, हे क्लोद बर्नार यांनी १८५० च्या दशकात दाखवले. हिमोग्लोबिनला त्याची ओढ ऑक्सिजनच्या दोनशे ते अडीचशे पट असते. हवेच्या १००० भागांत ऑक्सिजन २१० भाग असतो. त्यात मोनॉक्साइडचा एकच भाग मिसळला, तर काही तासांनी रक्तातील हिमोग्लोबिन दोघांत जवळजवळ निम्मे निम्मे वाटले जाते. तेवढ्याने माणूस बेशुद्ध होऊ शकतो, दगावूही शकतो. कोळशाच्या खाणींतील स्फोटांत बहुतेक माणसे भाजून नव्हे तर या वायूने मरतात, असे जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९६ च्या आपल्या अहवालात दाखवले होते.

एक हिशेब मांडून पाहू. तीन मीटर लांब, रुंद आणि उंच अशी बंद खोली घ्या. तिच्यात २७ हजार लिटर हवा मावते. थंडीच्या रात्री शेगडी आत आणली आणि तिच्यात ४८० ग्रॅम कार्बन जळला. त्यातला दहावा भागच मोनॉक्साइड होऊन सुटला असे धरू, म्हणजे ४८ ग्रॅम, चार मोल. एका मोलचे २४ लिटर धरले तर हे ९६ लिटर होतात, म्हणजे हवेच्या १००० भागांत साडेतीन भाग. फटींतून हवा खेळत असेल तर आकडा खाली येईल, पण साडेतीनाचा एक व्हायलाही बरीच हवा खेळावी लागेल.

आणि शेगडी आत आणली जाते ती नेमकी केव्हा? धूर संपल्यावर, ज्योती बसल्यावर, नुसते निखारे धगधगत असताना. आता ती निरुपद्रवी झाली असे वाटते. पण या वेळी निखाऱ्यांवर राख साचलेली असते. त्यांच्यापासून मोनॉक्साइड निघतच असतो, फक्त वरचा वायू पेट घेण्याइतका तापत नाही आणि न जळताच खोलीत पसरतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, मळमळणे ही पहिली लक्षणे झोपलेल्या माणसाला जाणवत नाहीत. जागा असला तर अपचन झाले असे समजून तो पुन्हा आडवा होतो. घरातल्या दोघा-तिघांचे एकाच वेळी डोके दुखू लागले आणि अंगणात गेल्यावर उतरले, तर ते अपचन नव्हे.