लगक्रमावरून गाणे शोधण्याची कुळकथा

गाण्याचे शब्द गेले, चालही गेली, पण ओळीचा झोका मात्र डोक्यात राहिला, असे पुष्कळांचे होते. एक आखूड अक्षर, मग दोन लांब, पुन्हा आखूड, पुन्हा दोन लांब, असे काहीतरी बोटे टेबलावर वाजवत राहतात. एवढ्याशा ऐवजावरून गाण्याचा पत्ता लावता येतो का? ही विद्या आपल्याकडे फार जुनी आहे आणि तिचा उगम संगीतात नसून छंदःशास्त्रात आहे.

पिंगलाचे छंदःसूत्र इसवी सनापूर्वीचे मानले जाते. त्याच्या शेवटच्या अध्यायात ‘प्रस्तार’ येतो. ठरावीक अक्षरांच्या चरणात लघू आणि गुरू यांच्या जितक्या मांडण्या शक्य आहेत तितक्या सगळ्या एका नेमक्या क्रमाने लिहायच्या, तो प्रस्तार. पहिल्या ओळीत सगळे गुरू, शेवटच्या ओळीत सगळे लघू. बारा अक्षरांच्या चरणाच्या अशा 4096 मांडण्या होतात. त्यापुढचा प्रश्न आपल्या कामाचा आहे: एखादी मांडणी हाती आहे, तर ती प्रस्तारात कितवी? या प्रश्नाला ‘उद्दिष्ट’ म्हणतात. शास्त्रकारांना त्यातून हरवलेली गाणी शोधायची नव्हती. शक्य वृत्तांची मोजदाद करणे, हा त्यांचा हेतू होता. तरीही निव्वळ ठेक्याला पत्ता देणारी पहिली रीत म्हणून मी उद्दिष्टाकडेच बोट दाखवीन.

केदारभट्टाच्या ‘वृत्तरत्नाकरा’त ही रीत इतकी सोपी केली आहे की शाळकरी मुलालाही जमावी. टेबलावर वाजणारा ठेका कागदावर लिहा: ल गा गा, ल गा गा, ल गा गा, ल गा गा. ल म्हणजे लघू, गा म्हणजे गुरू. आता पहिल्या अक्षरावर 1 मांडा आणि पुढच्या प्रत्येक अक्षरावर आधीच्या आकड्याची दुप्पट लिहीत जा: 2, 4, 8, असे करत बाराव्या अक्षरावर 2048 येतात. लघू अक्षरांवरचे आकडे तेवढे उचला. इथे ते पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या अक्षरावर आहेत, म्हणजे 1, 8, 64 आणि 512. बेरीज 585. तिच्यात एक मिळवा: 586. बारा अक्षरांच्या प्रस्तारातली 586वी मांडणी म्हणजे भुजंगप्रयात. मराठी माणसाला हे नाव कळले की शोधाचा रोख लगेच ठरतो, कारण समर्थांचे मनाचे श्लोक, सगळे 205, याच वृत्तात आहेत.

पण या आकड्यात एक खोट आहे. ऐकणाऱ्याला शेवटच्या अक्षराचा संशय नेहमीच असतो, आणि शास्त्रही चरणाच्या अखेरच्या लघूला गुरू मानायची मुभा देते. ते बारावे अक्षर लघू धरले की क्रमांक एकदम 2634 होतो. उलट पहिलेच अक्षर चुकून गुरू धरले तर 585 येतो. दोन्ही चुका एका अक्षराच्याच, पण एक शेजारच्या घरात नेते आणि दुसरी गावाबाहेर. एखादे अक्षरच निसटले तर माणूस बाराचा प्रस्तार सोडून अकराच्या प्रस्तारात शिरतो. अर्धवट आठवणीचा शोध एकट्या क्रमांकावर सोपवता येत नाही, तो म्हणूनच.

व्यवहारात टिकले ते गण. तीन-तीन अक्षरांचे आठ गट आणि ते लक्षात ठेवण्याचे ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र. यातल्या पहिल्या आठांपैकी कोणतेही अक्षर घ्या, ते आणि पुढची दोन मिळून त्या गणाचा लगक्रम होतो: ‘यमाता’ म्हणजे लघू, गुरू, गुरू. भुजंगप्रयात म्हणजे चार य. गणांचा फायदा असा की तुटकी आठवणही कामी येते. चरणाच्या आरंभी सहा आखूड अक्षरे धावत गेली आणि त्यांच्यामागून लांब अक्षरे संथपणे आली, एवढेच स्मरत असले तरी न, न, म हे गण सापडतात आणि मालिनीची शंका येते. मग मनाचे श्लोक बाजूला ठेवून समर्थांचीच करुणाष्टके उघडावीत. एकोणीस अक्षरांचा लांब चरण, बाराव्या अक्षरावर थांबा आणि पुढे सात अक्षरे, असे आठवत असेल तर ते शार्दूलविक्रीडित असण्याचा संभव मोठा. लग्नातली मंगलाष्टके बहुधा याच वृत्तात कानावर पडलेली असतात.

मराठीत मात्र आधी एक फाटा ओलांडावा लागतो. माधव जूलियन यांनी ‘छंदोरचने’त मराठी पद्याची वृत्त, जाती आणि छंद अशी तीन कुळे नीट वेगळी मांडली. आपले गाणे कोणत्या कुळातले, हे ठरवायला किमान दोन ओळींचा ठेका आठवावा लागतो. दोन्ही ओळींत अक्षरे तितकीच आणि लगक्रमही तोच, तर ते वृत्त. अक्षरे कमीजास्त, पण लघूची एक आणि गुरूच्या दोन अशा मात्रांची बेरीज सारखी, तर ती जाती. अक्षरे सारखी, लगक्रम कसाही, तर छंद. भावगीते बरीचशी जातीत असतात. तिथे अक्षरे मोजणे फुकट जाते, मात्राच मोजाव्या लागतात.

मोजताना गाऊ नये, सावकाश म्हणावे. चालीत गायक लघूलाही दोन-दोन मात्रा ताणतो आणि लगक्रम बिघडतो. दुसरी गोम अकारान्त शब्दांची. बोलताना ‘घर’ हा एकच ठोका असतो, पद्यात ती दोन अक्षरे. म्हणून ठेका अकरा अक्षरांचा भरला आणि असे वृत्त कुठेच सापडेना, तर ओळीत असा एखादा शब्द असावा असे धरून बाराचाही लगक्रम तपासावा. 

अभंगापाशी मात्र ही विद्या थकते. सहा, सहा, सहा, चार हा मोठ्या अभंगाचा साचा. तेवढाच आठवत असेल, तर तुकोबांच्या गाथेतले हजारो अभंग समोर उभे राहतात. तिथे यमक, धृपद किंवा निदान विषय तरी आठवायलाच हवा.

वृत्ताचे नाव मिळाल्यावर पुढे कुठे पाहायचे, ही शेवटची अडचण. इंग्रजी प्रार्थनागीतांच्या पुस्तकांनी ती सोडवली. त्यांच्या शेवटी ओळींतल्या अक्षरसंख्येप्रमाणे लावलेली सूची असते. 8, 6, 8, 6 या साच्याला ते ‘कॉमन मीटर’ म्हणतात, आणि त्या मथळ्याखाली त्या मापाच्या साऱ्या चाली एकत्र सापडतात. या मापात शब्द आणि चाल यांची अदलाबदल सहज होते. जॉन न्यूटनचे ‘अमेझिंग ग्रेस’ 1779 साली छापले गेले, पण आज सर्वांना माहीत असलेली चाल त्याला 1835 साली विल्यम वॉकरच्या संग्रहात मिळाली. दोन्ही एकाच मापाची, म्हणून सांधा जुळला.

आपल्या काव्यसंग्रहांच्या अखेरीस बहुधा पहिल्या ओळींची अकारविल्हे सूची असते. शब्द विसरलेल्याला ती निरुपयोगी. वृत्ते ओळखण्याची सामग्री आपल्याकडे इतकी जुनी आणि इतकी बारीक आहे, तर संपादकांनी त्या सूचीशेजारी वृत्त आणि जातीप्रमाणे दुसरी सूची छापावी, आणि प्रत्येक नावापुढे त्याचा लगक्रमही द्यावा. चार जास्तीच्या पानांत हे काम होईल.