वर्म आणि वर्म व्हीलचं मॉडेल: लीड अँगल, रेशो आणि सेंटर डिस्टन्स बरोबर कसे जुळवायचे?

मोबाईलवर टाइमलॅप्स शूट करताना फोन अगदी हळूहळू फिरवायचा असतो. त्यासाठी मी एक छोटं फिरतं स्टँड थ्रीडी प्रिंट करायला घेतलं. छोटी मोटर, तिच्या शाफ्टवर वर्म म्हणजे आटे असलेला दांडा, आणि फोनच्या तबकडीखाली वर्म व्हील म्हणजे दातांचं चाक. कॅडमध्ये जोडी सुंदर दिसत होती. रात्रभर प्रिंट केली, सकाळी बसवली, आणि वर्म हाताने फिरवायलाही जड जात होता. आकडे तर सगळे बरोबर टाकले होते. मग चूक कुठे झाली? ती शोधताना या जोडीचं गणित मला खऱ्या अर्थाने कळलं. तेच इथे सांगतो.

रेशो कशावरून ठरतो?

सगळ्यात आधी हे पक्कं लक्षात घ्या की रेशोचा व्यासाशी काही संबंध नाही. साध्या दोन गिअरमध्ये लहान चाक, मोठं चाक असा हिशोब चालतो. इथे तो चालत नाही. वर्मवर एकच आटा गुंडाळलेला असेल, तर वर्मच्या एका फेरीत चाक फक्त एक दात पुढे सरकतं. माझ्या चाकाला ३० दात होते, म्हणून रेशो ३०:१. वर्म एकदा फिरला की तबकडी १२ अंश फिरणार.

वर्मवर दोन आटे शेजारी-शेजारी गुंडाळले असतील, तर एका फेरीत दोन दात सरकतात आणि त्याच चाकाबरोबर रेशो १५:१ होतो. या आट्यांच्या संख्येला सूत्रात `z1` आणि चाकाच्या दातांना `z2` म्हणतात. रेशो म्हणजे `z2/z1`. बस्स.

मधोमध कापून बघा

आता एक कल्पना करा. वर्मच्या अक्षातून जाणाऱ्या आणि चाकाच्या जाडीच्या बरोबर मध्यावर येणाऱ्या पातळीत ही जोडी कापली. काय दिसेल? वर्मच्या जागी सरळ दातांची पट्टी, म्हणजे रॅक. चाकाच्या जागी साधं गिअर. वर्म फिरला की ही पट्टी पुढे सरकते आणि गिअरला ढकलते.

पुढची सगळी मापं या एका चित्रातून निघतात. पट्टीवरच्या दोन दातांमधलं अंतर आणि चाकाच्या पिच सर्कलवरचं दोन दातांमधलं अंतर एकच असायला हवं. हे अंतर म्हणजे `π × m`. `m` म्हणजे मॉड्यूल, दाताच्या आकाराचं माप. मी मॉड्यूल २ घेतला, म्हणून हे अंतर ६.२८३ मिमी आलं. वर्मला एकच आटा असल्यामुळे एका फेरीत आटा जेवढा पुढे जातो ते अंतर, म्हणजे लीडसुद्धा ६.२८३ मिमीच. दोन आटे असते तर लीड दुप्पट झाला असता, पण दातांमधलं अंतर तेवढंच राहिलं असतं.

वर्मचा व्यास आपण निवडायचा

चाकाचा पिच व्यास ठरलेला आहे: `m × z2`, म्हणजे ६० मिमी. वर्मचा पिच व्यास मात्र मॉड्यूल किंवा आट्यांच्या संख्येतून आपोआप येत नाही. तो आपण ठरवतो. मी २० मिमी घेतला. दोन्ही पिच व्यासांच्या बेरजेचा निम्मा म्हणजे सेंटर डिस्टन्स, इथे ४० मिमी.

एकदा वर्मचा व्यास ठरला की लीड अँगलही ठरतो. वर्मचा पिच व्यासावरचा परीघ कागदासारखा उलगडून सपाट करा. आडवी बाजू परिघाएवढी, उभी बाजू लीडएवढी. या त्रिकोणाचा उतार म्हणजे लीड अँगल. दोन्ही बाजूंतला π कटला की `z1 × m / d1` उरतं. माझ्या जोडीत २ भागिले २०, म्हणजे ५.७१ अंश.

हा हिशोब ओपनएससीएडीमध्ये असा लिहिता येतो. इथे सेंटर डिस्टन्स आधी दिला आहे आणि वर्मचा व्यास त्यातून काढला आहे:

```
m = 2; z1 = 1; z2 = 30; a = 40;
d2 = m*z2;
d1 = 2*a - d2;
gamma = atan(z1*m/d1);
lead = PI*m*z1;
mn = m*cos(gamma);
echo(d1, d2, gamma, lead, mn);
```

उत्तर येतं `20, 60, 5.71059, 6.28319, 1.99007`. यातला शेवटचा आकडा लक्षात ठेवा. माझा घोळ तिथेच होता.

वर्म कसा काढायचा

फ्रीकॅडमध्ये आधी वर्मचा गाभा काढा. दाताची उंची पिच व्यासाच्या बाहेर एक मॉड्यूल, आत सव्वा मॉड्यूल धरतात. म्हणजे बाहेरचा व्यास २४ मिमी, गाभ्याचा १५ मिमी. मग अक्षातून जाणाऱ्या पातळीत आट्याचा समलंब चौकोन काढा. दोन्ही बाजूंचा कल २० अंश, आणि पिच व्यासावरची रुंदी दातांमधल्या अंतराच्या निम्मी, म्हणजे ३.१४ मिमी. सैलपणा इथेच ठेवायचा. घरगुती प्रिंटरसाठी मी आता ०.२ मिमी कमी करून २.९४ घेतो.

हा चौकोन `Additive Helix` ने फिरवा आणि `Pitch` च्या जागी ६.२८३ टाका. चौकोनाचा पाया गाभ्यात थोडा आत घुसलेला ठेवा, ०.१ मिमी पुरतं. पाया गाभ्याला नुसता टेकलेला असेल तर आटा नीट जोडला जात नाही आणि सॉलिड बिघडतं.

चाक, आणि माझी चूक

हलक्या कामासाठी चाक म्हणून हेलिकल गिअर चालतं. दात किती तिरके? वर्मच्या लीड अँगलएवढे, म्हणजे ५.७१ अंश. वर्म उजव्या आट्याचा असेल तर चाकही उजवंच लागतं. समांतर शाफ्टच्या हेलिकल गिअरमध्ये एक उजवं, एक डावं असतं, त्या सवयीने इथे हमखास गडबड होते. तपासायला सोपं आहे: अक्ष उभा धरा. समोर दिसणारे दात वर जाताना उजवीकडे झुकत असतील तर ते उजवं. वर्मलाही हाच नियम.

मी कोन बरोबर टाकला होता, दिशाही बरोबर होती. पण हेलिकल गिअर बनवणारी बरीच टूल्स मॉड्यूल दाताला काटकोनात मोजतात. आपला मॉड्यूल २ मात्र मधोमध कापलेल्या चित्रातला आहे. टूलमध्ये मी सरळ २ टाकलं. टूलने ६० ला ५.७१ अंशाच्या कोसाइनने भागलं आणि चाकाचा पिच व्यास ६०.३ मिमी केला. बॉक्समधलं सेंटर डिस्टन्स मात्र ४० च होतं.

फरक किती? चाकाची त्रिज्या ०.१५ मिमीने वाढली, म्हणजे दात तेवढे जास्त आत घुसले. २० अंशांच्या कलामुळे सैलपणा `2 × 0.15 × tan 20°` एवढा कमी झाला, म्हणजे ०.११ मिमी. मी त्या वेळी सैलपणा ठेवला होता फक्त ०.१. सगळा संपला! म्हणून जोडी जाम झाली. रेशो मात्र ३० च राहिला, कारण दात ३० च होते. फेऱ्या मोजून ही चूक सापडणं शक्यच नव्हतं.

उपाय सोपा निघाला. अशा टूलमध्ये २ ऐवजी १.९९ टाकायचं. खात्री करायची असेल तर टूल दाखवतं तो पिच व्यास बघा. तो ६०.०० असायला हवा. ६०.३ दिसला तर मॉड्यूल काटकोनातला धरला गेला आहे.

बॉक्सची भोकं ४१ मिमीवर असतील तर?

पुढच्या वेळी मला तयार बॉक्स मिळाला, त्यात दोन शाफ्टमधलं अंतर ४१ मिमी होतं. मोह होतो की जुनीच जोडी एक मिमी लांब बसवू. तसं केलं तर सैलपणा ०.७३ मिमीने वाढतो. चाकाच्या ३० मिमी त्रिज्येवर तो जवळजवळ १.४ अंश होतो. फोन तबकडीवर डुगडुगणार, व्हिडिओ वाया.

वर्मचा व्यास आपल्या हातात आहे, त्याचा उपयोग इथे होतो. `a = 41` टाका. वर्मचा पिच व्यास २२ मिमी येतो, लीड अँगल ५.१९ अंश होतो. चाकाचा व्यास आणि रेशो तसेच राहतात. पण चाक पुन्हा बनवावं लागतं, कारण त्याचे दातही आता ५.१९ अंशांनीच तिरके हवेत. टूलमधला मॉड्यूल १.९९२ होतो. नुसता वर्म बदलून भागत नाही.

प्रिंटला लावण्याआधी

कॅडमध्ये दोन्ही भाग जागेवर बसवा आणि मधोमध सेक्शन घ्या. पट्टीचे दात गिअरच्या खाचांत दोन्ही बाजूंनी सारखी फट ठेवून बसलेले दिसले पाहिजेत. मग वर्म ९० अंश आणि चाक ३ अंश फिरवा, पुन्हा बघा. एका दिशेने फिरवल्यावर दात एकमेकांत घुसले, तर चाक उलट दिशेने फिरवून पाहा. दोन्ही दिशांना घुसत असतील तर पिच व्यास किंवा दाताची दिशा चुकली आहे.

या पद्धतीची मर्यादाही सांगतो. हेलिकल चाकाचा दात वर्मला जवळजवळ एका बिंदूतच टेकतो. फोनच्या वजनाला ते पुरतं. जड भारासाठी वर्मभोवती खोलगट वळलेलं चाक लागतं, तिथे दात रेषेत टेकतात. आणि लीड अँगल कमी असला की तबकडी उलट फिरून वर्मला फिरवत नाही हे खरं, पण ते घर्षणावर अवलंबून आहे. ५.७ अंशांना घर्षणांक साधारण ०.१ च्या खाली गेला की पकड सुटू शकते. ग्रीस लावल्यावर किंवा थरथर असताना फक्त या पकडीच्या भरवशावर फोन उंचावर टांगू नका.

माझं दुसरं प्रिंट बोटाने फिरलं. वर्मच्या बरोबर ३० फेऱ्यांनंतर तबकडीवरची पेनची खूण पुन्हा समोर आली.